दिलेला शब्द आणि उसना शब्द : कोकण किनाऱ्यावरची दोन जहाजे आणि करारांचे वाचन

8 फेब्रुवारी 1984 रोजी ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी मालकीचे जहाज मुरगाव बंदरातून निघून गेले. त्यात गोव्यातल्या एका कंपनीचा माल होता. मालाची बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवून घेतल्याची पावती, दिलेली नव्हती. खरेदीदाराने पैसे चुकते केले नव्हते, म्हणून माल त्याच्या हवाली करू नका, असे कंपनीने कळवलेही होते. तरीही परदेशी बंदरात माल खरेदीदाराला देऊन टाकण्यात आला. मालकाचे भारतात ना घर ना कचेरी. दावा लावायचा तर कोणावर आणि कुठे? दोन महिन्यांनी तेच जहाज विशाखापट्टणमला आले, तेव्हा कंपनीने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून त्यालाच अटक करवली. मालकाने 14 लाख 25 हजारांची बँक हमी भरून जहाज सोडवले आणि मग या न्यायालयाला असा अधिकारच नाही, असा मुद्दा मांडला.

मुद्दा पोकळ नव्हता. भारतातला सागरी दाव्यांचा अधिकार तेव्हा 1861 च्या इंग्रजी कायद्यावर उभा होता, आणि त्याच्या सहाव्या कलमात बंदरात ‘आणलेल्या’ मालाचा उल्लेख होता. बंदरातून बाहेर नेलेल्या मालाबद्दल कलम गप्प होते. म्हणजे मुरगावला उतरलेल्या मालासाठी जहाज धरता येईल, पण मुरगावहून गेलेल्या मालासाठी नाही. वर 1890 च्या कायद्याने वसाहतींच्या न्यायालयांना दिलेला अधिकार त्या वर्षी जिथे होता तिथेच गोठला, असेही मालकाचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाने 26 फेब्रुवारी 1992 रोजी हे म्हणणे फेटाळले. निकाल न्यायमूर्ती थॉमन यांनी लिहिला. उच्च न्यायालये ही सर्वाधिकारी न्यायालये आहेत. कायद्याने स्पष्टपणे काढून घेतलेला नसेल तर सागरी दाव्यांचा अधिकार त्यांच्याकडे आहेच, हा निकालाचा कणा. त्याला आधार म्हणून जहाजांच्या अटकेविषयीचा 1952 चा ब्रुसेल्स करार घेतला गेला. भारताने हे ब्रुसेल्स करार स्वीकारलेले नसले, तरी जगातल्या सागरी कायद्यांच्या एकत्रीकरणातून ते घडले आहेत, आणि आपला कायदा जिथे मुका आहे तिथे न्यायालये त्यांतून घेऊ शकतात, असा तो विचार.

मुरगावच्या व्यापाऱ्याला न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. पण या निकालानंतर आपल्याकडच्या वकिलीत एक सवय रुजली, आणि ती मला घातक वाटते. करार दिसला की तो न्यायालयापुढे ठेवायचा. तो भारताने स्वीकारलेला आहे की नाही, हा प्रश्न गौण मानायचा.

मूळ तत्त्व काय आहे ते आधी पाहू. राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रांना शब्द दिला असेल, तर त्या राष्ट्राच्या संसदेला तो मोडायचा नव्हता, असे न्यायाधीशाने धरून चालायचे. कायद्यातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर शब्द पाळणारा अर्थ घ्यायचा. इंग्लंडमध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी सॉलोमन खटल्यात 1966 मध्ये हे नेमक्या मर्यादेसह सांगितले : कायद्याचा अर्थ स्वच्छ असेल तर करार बाजूला राहतो, मग दिलेला शब्द मोडला तरी. अमेरिकेत हेच तत्त्व 1804 मध्ये ‘चार्मिंग बेट्सी’ नावाच्या एका जहाजाच्याच खटल्यातून आले. आपल्या संविधानात अनुच्छेद 51 (ग) करारांतील बंधनांबद्दल आदर जोपासायला सांगतो, अनुच्छेद 253 करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला देतो. या दोन अनुच्छेदांच्या मधली जागा न्यायाधीशांची.

या तत्त्वाचा पाया म्हणजे दिलेला शब्द. ब्रुसेल्स करारात भारताने शब्दच दिलेला नव्हता. मग ‘एलिझाबेथ’मध्ये पाळले काय गेले? काहीच नाही. तिथे न्यायालयाने शेजाऱ्याकडून पायली उसनी घ्यावी तसा नियम उसना घेतला. उसनवारी निषिद्ध नाही. परदेशी न्यायालयाचा निकाल जसा पटला तर घेता येतो, तसा न स्वीकारलेल्या कराराचा नियमही घेता येतो. पण त्याचे वजन तेवढेच असते. दिलेला शब्द हे न्यायाधीशाला अर्थ एका बाजूला झुकवण्याचे कारण आहे. उसना शब्द हे फक्त एक मत आहे, आणि ते का पटले हे न्यायाधीशाने स्वतः मांडायला हवे. ‘एलिझाबेथ’मध्ये ते मांडणे सहज शक्य होते. सागरी मालवाहतुकीचा 1925 चा आपला कायदा भारतीय बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालालाच लागू होता. म्हणजे जबाबदारी बाहेर जाणाऱ्या मालाची, आणि जहाज धरण्याचा अधिकार मात्र आत येणाऱ्या मालापुरता. ही विसंगती दाखवली की ब्रुसेल्सपर्यंत जायची गरजच उरत नाही.

सवय किती पुढे गेली ते ‘सी सक्सेस’ खटल्यात दिसते. जहाजांचा परस्पर विमा उतरवणाऱ्या एका इंग्रजी संघटनेचा हप्ता थकला होता. त्यासाठी मुंबईत जहाज धरले गेले. त्याच 1861 च्या कायद्यात जहाजाला पुरवलेल्या ‘आवश्यक वस्तूं’साठी दावा लावता येत असे. इंधन, दोर, अन्नपाणी या वस्तू आहेत हे कोणीही मान्य करेल. विम्याचा हप्ता ही जहाजाला पुरवलेली आवश्यक गोष्ट आहे का? इंग्रजी न्यायालये नाही म्हणत आली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2003 मध्ये हो म्हटले, आणि त्यासाठी जहाज अटकेच्या 1999 च्या जिनेव्हा कराराचा आधार घेतला. त्या करारातल्या दाव्यांच्या यादीत विम्याचा हप्ता स्पष्ट लिहिला आहे. पण तो करार भारताने स्वीकारलेला नव्हता, आणि 2003 मध्ये तो जगात कुठेही अमलात आलेला नव्हता. तो अमलात आला 14 सप्टेंबर 2011 रोजी.

कोणी विचारेल, यात कोणाचे नुकसान झाले? जहाज विकले जाते तेव्हा येणारी रक्कम मोजकीच असते आणि तिच्यावर हात टाकणारे पुष्कळ असतात : खलाशी, बंदर, इंधनवाला, बँक, विमेवाला. दावेदारांच्या रांगेत नवा माणूस उभा करणे हा धोरणाचा निर्णय आहे. 2017 च्या अॅडमिरल्टी कायद्यात संसदेने तो विचार केला. विम्याचा हप्ता सागरी दाव्यांच्या यादीत घातला, पण ज्यांना सर्वांत बळकट हक्क मिळतो त्या पाच गटांत घातला नाही. जहाज धरता येईल, पण पैसे वाटताना त्या पाच गटांच्या मागे उभे राहावे लागेल. असा बारीक तोल परदेशी कराराच्या एका ओळीतून न्यायालयाला साधता आला नसता.

आता दुसरे जहाज. ऑक्टोबर 1999 मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे, पनामाचा झेंडा असलेले जहाज अॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघाले आणि चाच्यांनी ते पळवले. खलाशांना रबरी तराफ्यावर समुद्रात सोडून दिले. जहाजाचे नाव बदलून ‘मेगा रामा’ रंगवले. नोव्हेंबरमध्ये ते आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात सापडले. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने पाठलाग केला, नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली, आणि इंडोनेशियन आरोपींना मुंबईला आणून त्यांच्यावर खटला चालला. सत्र न्यायालयाने 2003 मध्ये सक्तमजुरी सुनावली. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सोडले.

या वेळी शब्द दिलेला होता. संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा सागरी कायदा करार भारताने 1995 मध्ये स्वीकारला होता. त्याचा 105 वा अनुच्छेद कोणत्याही राष्ट्राला खोल समुद्रात चाच्यांचे जहाज पकडू देतो, आणि शिक्षा काय द्यायची ते त्या राष्ट्राच्या न्यायालयांवर सोपवतो. मग न्यायालयाने आपला कायदा कराराशी जुळवून का वाचला नाही? कारण वाचायला कलमच नव्हते. भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हा नव्हता. दरोडा, खुनाचा प्रयत्न होते. पण भारताबाहेर घडलेल्या कृत्याला संहिता लागू व्हायची, तर आरोपी भारतीय नागरिक हवा किंवा जहाज भारतात नोंदलेले हवे. इथे आरोपी इंडोनेशियन, जहाज पनामाचे, कृत्य मलाक्काच्या बाजूला.

अर्थ लावण्याचे तत्त्व शब्दाचा अर्थ निवडते, गुन्हा निर्माण करत नाही. फौजदारी कायद्यात तर ही भिंत अधिकच जाड हवी, कारण अनुच्छेद 20 (1) प्रमाणे कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल, तरच शिक्षा देता येते. त्यातही 105 वा अनुच्छेद काय म्हणतो ते नीट वाचायला हवे. तो राष्ट्राला ‘करता येईल’ असे म्हणतो, ‘करावेच लागेल’ असे नाही. मुभा न वापरल्याने शब्द मोडत नाही. म्हणून आरोपी सुटले याचा राग न्यायालयावर काढणे मला चूक वाटते. तो संसदेवर काढायला हवा होता. चाचेगिरीविरोधी कायदा आला 2022 मध्ये, करार स्वीकारल्यानंतर 27 वर्षांनी, आणि त्यातली चाचेगिरीची व्याख्या त्या कराराच्याच शब्दांवर बेतलेली आहे. आता ते शब्द वाचताना न्यायाधीशाने करार उघडलाच पाहिजे, कारण संसदेनेच तो कायद्यात आणून ठेवला आहे.

हे तत्त्व नीट वापरले तर काय देते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. माणूस कल्पित असला तरी परिस्थिती दापोली-गुहागरच्या घरांना परकी नाही. आंजर्ल्याचा एक खलाशी परदेशी झेंड्याच्या जहाजावर महिना 60 हजारांवर आहे. जहाज चाच्यांच्या हाती पडते. 30 महिन्यांनी सुटका होते, तो घरी पोचतो. या काळातला एक रुपयाही मिळालेला नाही. रक्कम होते 18 लाख. मधल्या काळात जहाज विकले गेले आहे. सुटकेनंतर साडेतीन महिन्यांनी ते जहाज मुंबईच्या नांगरवाड्यात येते आणि उच्च न्यायालयातून त्याला अटक होते.

नवा मालक म्हणेल, मी याला नोकरीवर ठेवलेच नव्हते. त्याला उत्तर आहे मेरिटाइम लिएन. सातबारावर बोजा असलेली जमीन कोणीही विकत घेतली तरी बोजा जमिनीबरोबर जातो, तसा हा जहाजाला चिकटलेला बोजा. 2017 च्या कायद्याच्या नवव्या कलमात पहिला क्रम खलाशांच्या पगाराचा आणि नोकरीसंबंधी इतर देय रकमांचा आहे, आणि मालक, नोंदणी किंवा झेंडा बदलला तरी हा बोजा राहतो. पण कायमचा नाही. आणि इथे कायद्याचा मजकूरच अडखळतो. पोटकलम 2 चे परंतुक म्हणते : पगार देय झाला त्या तारखेपासून दोन वर्षे. पोटकलम 3 म्हणते : पगाराबाबत हा बोजा खलाशी जहाजावरून कार्यमुक्त झाला तेव्हापासून सुरू होतो, आणि मग मुदत अखंड चालते.

पहिल्या वाचनाप्रमाणे हिशेब करा. प्रत्येक महिन्याचा पगार महिनाअखेर देय होतो. बंदिवास सुरू झाल्यापासून साडेतेहतीस महिन्यांनी अटक झाली, म्हणजे साडेनऊ महिन्यांच्या खुणेआधी देय झालेले सगळे मुदतीबाहेर. पहिल्या नऊ महिन्यांचे 5 लाख 40 हजार बोजातून गळाले, 12 लाख 60 हजार उरले. दुसऱ्या वाचनाप्रमाणे बोजाच कार्यमुक्तीपासून सुरू होतो. आधी देय झालेली रक्कम बोजा जन्मण्याआधीच मरू शकत नाही, म्हणून मुदतही तिथूनच मोजायची. सगळे 18 लाख सुरक्षित. मात्र हा माणूस कार्यमुक्त कधी झाला? त्याचा नोकरीचा करार नऊ महिन्यांचा होता, तो बंदिवासातच संपला, असे मालकाचा वकील सांगणार.

इथे दिलेला शब्द कामाला येतो. सागरी श्रम करार, 2006 हा भारताने ऑक्टोबर 2015 मध्ये स्वीकारला. 2018 च्या सुधारणांनी त्यात अशी तरतूद झाली की, खलाशी चाच्यांच्या कैदेत असेल तर त्याचा नोकरीचा करार, ठरलेली तारीख उलटून गेली तरी, चालू राहतो, आणि सुटका होऊन तो रीतसर मायदेशी पोचेपर्यंत पगारही चालू राहतो. कार्यमुक्ती बंदिवासाच्या मध्येच झाली, हे वाचन या तरतुदीशी विसंगत आहे. मजकुरात खरी संदिग्धता आहे. दोन्ही अर्थ शब्दांत बसतात. त्यांपैकी एक दिलेल्या शब्दाशी जुळतो. तत्त्वाची जागा नेमकी हीच.

आता याच उदाहरणात चुका कुठे होतील ते सांगतो. पहिली, सुधारणा भारतावर बंधनकारक आहे का, हे न तपासणे. या करारात बहुतेक सुधारणा मूक संमतीने लागू होतात : ठरलेल्या तारखेपर्यंत राष्ट्राने लेखी हरकत घेतली नाही, तर ती त्याच्यावर लागू. त्यामुळे 2015 ची तारीख दाखवून भागत नाही. त्या विशिष्ट सुधारणेची स्थिती पाहावी लागते. जहाजाचा झेंडा ज्या देशाचा, त्याचीही पाहावी लागते, कारण पगाराची मूळ जबाबदारी त्या देशाच्या कायद्यातून येते. आपल्या कायद्याच्या चौथ्या कलमाने कोणत्याही देशाच्या कायद्यान्वये मालकावर असलेले पगाराचे देणे सागरी दावा मानले आहे, म्हणून ते दार उघडे आहे.

दुसरी चूक अधिक मोहक आहे. सागरी बोजांविषयीचा 1993 चा करारही कार्यमुक्तीपासूनच मुदत मोजतो, आणि आपले पोटकलम 3 उघडच त्यावरून घेतलेले दिसते. वकिलाला तो दाखवावासा वाटणार, आणि दाखवावाही. पण भारत त्याचा पक्ष नाही, आणि त्यातली मुदत एकच वर्षाची आहे. संसदेने तिथून शब्द उचलले आणि पगारासाठी मुदत दुप्पट केली. म्हणजे शब्द कुठून आले एवढे सांगण्यापुरता तो उपयोगी. बंधन म्हणून तो पुढे केला, तर समोरचा वकील त्यातले एक वर्ष दाखवून डाव उलटवील.

तिसरी चूक न्यायाधीशाच्या बाजूने होऊ शकते. समजा खलाशी घरी आल्यावर अडीच वर्षे गप्प बसला आणि मग अर्ज केला. आता दोन्ही वाचनांनी मुदत संपली आहे. सहानुभूती कितीही वाटली, श्रम करारात पगाराचे कितीही संरक्षण असले, तरी ‘दोन वर्षे’ या शब्दांचा दुसरा अर्थ नाही. तिथे करार बंद करून ठेवायला हवा. बोजा गेला तरी मूळ मालकावरचा दावा स्वतंत्र असतो, आणि जहाज अजून त्याच्याच मालकीचे असते तर त्या दाव्यासाठीही ते धरता आले असते. पण नव्या मालकाचे जहाज त्यासाठी धरता येत नाही.

मी एवढा काटेकोरपणा का मागतो आहे, याला कारण आहे. आपल्याकडे करार सरकार करते. त्यासाठी संसदेची आधी मंजुरी लागत नाही. न्यायालयाने प्रत्येक करार कायद्यासारखा वापरायला सुरुवात केली, तर निवडून आलेल्या सभागृहात एक शब्दही न उच्चारता माणसांचे हक्क बदलतील. आणि न स्वीकारलेले करारही तसेच वापरले, तर सरकारनेसुद्धा जे नाकारले किंवा टाळले ते न्यायालयाच्या दाराने आत येईल. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविषयीच्या विशाखा निकालात 1997 मध्ये स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार वापरला गेला, तो भारताने 1993 मध्ये स्वीकारलेला होता आणि कायद्यात पोकळी होती. तो निकाल मला मान्य आहे. पण त्याच्या नावाने पुढे जे काही उद्धृत केले जाते, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी ना स्वीकृती पाहिलेली असते ना पोकळी.

निकालपत्र वाचणाऱ्याला हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कराराचा नेमका अनुच्छेद आणि आपल्या कायद्यातला नेमका शब्द, दोन्ही समोरासमोर ठेवलेले आहेत का ते पाहावे. पाच करारांची नावे एका वाक्यात गुंफलेली असतील आणि एकही शब्द उलगडलेला नसेल, तर निकाल दुसऱ्याच कारणाने झालेला आहे.

म्हणून जहाज धरायला जाणाऱ्या वकिलाने याचिकेला तीन पाने जोडावीत, आणि न्यायालयाने ती मागावीत. पहिल्यावर आपल्या कायद्यातला अडलेला शब्द आणि त्याचे दोन संभाव्य अर्थ, एकाखाली एक. दुसऱ्यावर कराराचा अनुच्छेद, पूर्ण मजकुरासह, आणि तो ‘करावे’ म्हणतो की ‘करता येईल’. तिसऱ्यावर तारखा : करार अमलात कधी आला, भारताने कधी स्वीकारला, कोणती अट राखून ठेवली, सुधारणा लागू आहे का. तिसरे पान कोरे असेल, तर युक्तिवादात ‘बंधन’ हा शब्द न वापरता हा नियम आपल्यालाही का योग्य आहे एवढेच मांडावे. पहिल्या पानावर दुसरा अर्थ लिहिताच येत नसेल, तर उरलेली दोन पाने जोडूच नयेत.